सप्तमात नीचेचा गुरू, सप्तमेश शनी भाग्यात: जोडीदाराचं वर्णन कसं करायचं?

रेवा_९७

नमस्कार मंडळी. माझ्याच पत्रिकेबद्दल विचारते आहे. जन्म मे १९९७ च्या तिसऱ्या आठवड्यातला, सकाळी साडेदहाचा. कर्क लग्न. दुसऱ्या घरात सिंहेचा मंगळ, तिसऱ्यात कन्येचा राहू, चौथ्यात तुळेचा चंद्र, सातव्यात मकरेचा गुरू, नवव्यात मीनेचे शनी आणि केतू, दहाव्यात मेषेचा बुध, अकराव्यात वृषभेचे रवी-शुक्र. बाकी घरं रिकामी.

आतापर्यंत दोघांना पत्रिका दाखवली. पहिल्यांनी सातव्या घरावर बोट ठेवून सांगितलं की गुरू नीचेचा, सप्तमेश शनी, त्याच्यासोबत केतू, तेव्हा नवरा वयाने बराच मोठा, अबोल आणि कोरडा असेल. दुसऱ्यांनी हीच पत्रिका बघून सांगितलं की सप्तमेश-भाग्येशाचं परिवर्तन आहे, राजयोगासारखं फळ मिळेल, नवरा विद्वान आणि सधन असेल, लग्नानंतर भाग्योदय होईल.

लग्न कधी होईल हे मला विचारायचं नाही. पत्रिकेवरून जोडीदाराचं वर्णन करायचं झालं तर सुरुवात कुठून करतात, आणि एकाच घराकडे बघून दोन माणसं इतकी वेगळी कशी बोलतात, हे समजून घ्यायचं आहे. मी स्वतः थोडंफार वाचलं आहे, त्यामुळे नावं आणि नियम माहीत आहेत. त्यातल्या कशाला किती वजन द्यायचं ते कळत नाही.

सुहासिनी

रेवा, पहिल्यांचं म्हणणं कटू असलं तरी मला त्यात तथ्य वाटतं. स्त्रीच्या पत्रिकेत पतीचा कारक गुरू, आणि तोच सप्तमात बसला आहे. 'कारको भाव नाशाय' हे वचन याच स्थितीसाठी आहे. त्यात तो नीचेचा. शिवाय दुसऱ्या घरात मंगळ आहे, म्हणजे मंगळदोषही धरावा लागेल. अशा पत्रिकेला गुणमेलन फार काळजीपूर्वक करावं. परिवर्तनाचं कौतुक ठीक आहे, पण मुळात ग्रहच दुबळा असेल तर तो काय देणार?

श्रीधर_के

माझंही कर्क लग्न आणि सप्तमेश शनी चौथ्यात. तीन-चार वर्षं स्थळं बघणं चालू आहे. शनी उच्चेचा असूनही लग्न का जमत नाही? कोणत्या वर्षी योग आहे, ते कोणी सांगेल का?

दत्ताकाका

श्रीधर, तुमचा प्रश्न काळाचा आहे. त्यासाठी दशा, अंतर्दशा आणि पूर्ण पत्रिका लागते. वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन. इथे वर्णनापुरतंच बोलू, नाहीतर दोन्ही प्रश्न अर्धवट राहतील.

रेवा, तुम्ही विचारलंत सुरुवात कुठून करायची. आधी सातव्या घरात कोण बसलं आहे ते बघायचं, मग त्या घराचा मालक कुठे गेला ते, आणि शेवटी तो ज्याच्या राशीत गेला त्या यजमान ग्रहाची स्थिती. बहुतेक पत्रिकांत या पायऱ्या चढत गेलं की दर वेळी नवा ग्रह भेटतो आणि वर्णनात रंग भरत जातो. तुमच्याकडे तसं होत नाही. सातव्यात गुरू आहे. सप्तमेश शनी गुरूच्या मीनेत आहे. त्या मीनेचा मालक गुरू परत शनीच्या मकरेत. कुठूनही निघा, तुम्ही याच दोघांपाशी येता.

म्हणून तुम्हाला भेटलेले दोघे वेगळं बोलले. पहिल्यांनी या जोडीतला शनी उचलला, दुसऱ्यांनी गुरू. परिवर्तनात एकालाच उचलता येत नाही. दोन्ही ग्रह एकमेकांच्या घरात राहतात, एकमेकांचा स्वभाव घेतात. या पत्रिकेतला गुरू शनीसारखा वागणारा गुरू आहे. त्याच्याकडे ज्ञान आहे, पण ते कष्टाने, क्रमाक्रमाने मिळवलेलं. बोलण्यात उपदेश कमी, काम जास्त. आणि शनी गुरूसारखा वागणारा शनी आहे. शिस्त कडक, पण तिच्यामागे काहीतरी तत्त्व आहे, नुसता हट्ट किंवा चिकटपणा नाही. जोडीदाराच्या स्वभावाचा गाभा मी इथून काढेन: गंभीर, जबाबदारी घेणारा, शिकलेला, स्वतःच्या श्रद्धांना घट्ट धरून राहणारा, भावना उघड करायला वेळ लावणारा.

शनीसोबत केतू आहे, तो या माणसाला थोडा अलिप्त करतो. पण अंश बघितलेत तर त्या तारखांना शनी मीनेच्या बावीस अंशांच्या आसपास होता आणि केतू राशीच्या सुरुवातीच्या दोन-तीन अंशांत. एका राशीत आहेत, पण अंतर वीस अंशांचं. केतूचा इतका बाऊ करू नये असं माझं मत आहे.

सुहासिनीताई, मंगळाबद्दल एक सांगतो. आपल्याकडे पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं ही घरं धरतात. दुसरं घर दक्षिणेकडच्या परंपरेत धरतात. दोन्ही रीती एकदम लावल्या तर निम्म्या पत्रिका अडकतील. एक रीत धरा आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा.

सुहासिनी

मंगळाचं मान्य. पण काका, 'कारको भाव नाशाय' तुम्ही बाजूला ठेवलंत. आणि नीचेच्या गुरूला कष्टाने मिळवलेलं ज्ञान म्हणणं मला जरा जास्तच उदार वाटतं.

दत्ताकाका

बाजूला ठेवलं नाही, सावकाश लिहीत होतो.

आधी नीचत्वाचं बघू. गुरू मकरेच्या पाचव्या अंशावर परम नीच असतो. रेवांच्या जन्मावेळी तो सत्तावीस अंशांच्या पुढे होता, राशी संपत आलेली. रास नीचच राहते, पण तळ मागे पडला आहे. नीचभंगाच्या अटी तपासल्या तर मकरेचा मालक शनी लग्नापासून नवव्यात आणि चंद्रापासून सहाव्यात, म्हणजे केंद्रात नाही. ती अट लागत नाही. दुसरी अट गुरूच्या उच्च राशीच्या मालकाची. ती रास कर्क, मालक चंद्र, आणि तो लग्नापासून चौथ्यात, पौर्णिमेला दोन-तीन दिवस असताना, म्हणजे चांगला बळकट. ही अट पूर्ण होते. त्यावर परिवर्तन आहेच.

पण नीचभंग झाला म्हणजे ग्रह उच्चेचा झाला, असं मी कधीच म्हणणार नाही. वर्णनाच्या बाबतीत त्याचा अर्थ मी असा घेतो की जोडीदाराच्या आयुष्यात गुरूच्या विषयांत आधी उणीव राहते आणि नंतर भरून निघते. शिक्षण मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेलं असेल, वडिलांचा आधार लवकर सुटला असेल, किंवा पहिली दिशा सोडून दुसरी धरली असेल. यातलं नेमकं काय, ते सातव्या घरावरून कळत नाही. जो एक गोष्ट छातीठोकपणे सांगेल तो अंदाज करतो आहे, इतकं समजावं.

दिग्बळही बघायला हवं. गुरूला लग्नात दिग्बळ मिळतं, सातव्यात ते शून्य होतं. तेव्हा ताई, गुरू दुबळा आहे हे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहेच. पण सातव्यातून त्याची पूर्ण दृष्टी लग्नावर पडते, आणि लग्न आहे कर्क, त्याची स्वतःची उच्च रास. जोडीदार स्वतः कितीही झगडत असला तरी रेवाकडे बघण्याची त्याची दृष्टी चांगली आहे. सप्तमातल्या ग्रहाची लग्नावरची दृष्टी वाचायची राहून जाते, आणि नात्यातला व्यवहार तर तिथेच दिसतो.

आता ते वचन. कारक भावात एकटा, कोणाच्या आधाराशिवाय बसला तर त्या भावाकडून अपेक्षा फार वाढतात आणि मग निराशा येते, असा मी त्याचा अर्थ घेतो. इथे तो भावेशाशी परिवर्तनाने बांधलेला आहे. त्यामुळे मी ते वचन इथे पूर्ण जोराने लावत नाही. तुम्ही लावलंत तर मी ते अगदीच चूक म्हणणार नाही.

निरंजन_प

मी ज्योतिष मानणारा नाही, पण इथली चर्चा नीट चालली आहे म्हणून मनापासून एक प्रश्न विचारतो. गुरू १९९७ सालभर मकरेत होता आणि शनी मीनेत, हे मी पंचांगात तपासलं. कर्क लग्न रोज सव्वादोन तासांच्या आसपास असतं. म्हणजे त्या वर्षात जन्मलेल्या साधारण अकरा जणांपैकी एकाच्या पत्रिकेत हेच परिवर्तन, याच दोन घरांत आहे. त्या सगळ्यांचे जोडीदार गंभीर, शिकलेले आणि अबोल असतील का? आणि 'गंभीर, जबाबदार, शिकलेला' हे वर्णन कोणत्याही स्थळाला चिकटवता येईल असंच आहे ना?

दत्ताकाका

निरंजन, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, गुरू वर्षभर. या दोघांवरून काढलेलं वर्णन म्हणजे फक्त पार्श्वभूमी. मी वर जे लिहिलं ते तेवढंच आहे, आणि तिथेच थांबलं तर तुमचा आक्षेप पूर्ण लागू पडतो. व्यक्ती वेगळी होते ती जलद ग्रहांनी आणि लग्नाच्या अंशांनी. तिकडे मी अजून आलोच नाही.

उत्तरा

माझी पत्रिका इथे उपयोगी पडेल असं वाटतं. जन्म नोव्हेंबर १९९७ च्या मध्याचा, रात्री अकराच्या सुमारास. कर्क लग्न, सातव्यात मकरेचा गुरू, नवव्यात मीनेचा शनी, अगदी रेवासारखं. फरक इतकाच की राहू दुसऱ्यात, केतू आठव्यात, आणि शुक्र-मंगळ दोघंही सहाव्यात धनूमध्ये.

लग्नाला तीन वर्षं झाली. मलाही लग्नाआधी 'वयाने मोठा' असंच सांगितलं होतं. नवरा माझ्यापेक्षा वर्षाने लहान आहे. सावळा, उंच, अंगाने सडपातळ. हिशेब तपासणीच्या कामात आहे. आमची ओळखच कामाच्या ठिकाणी झाली, आणि सुरुवातीला एका फाइलवरून चांगलं वाजलं होतं. गंभीर म्हणाल तर हो, अगदी. रागही पटकन दाखवत नाही, दोन दिवसांनी शांतपणे मुद्दे मांडतो. वर्षातले काही महिने कामासाठी परदेशात असतो. अबोल मात्र नाही, घरी आल्यावर तासन्‌तास बोलतो.

तर निरंजन म्हणतात तसं गाभा बसतो, पण वय आणि अबोलपणा चुकला.

दत्ताकाका

उत्तरा, फार चांगलं झालं तुम्ही लिहिलंत. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून बघू, म्हणजे निरंजनच्या प्रश्नाचंही बोलणं होईल.

मी यासाठी सातव्या घराला जोडीदाराचं लग्न धरतो आणि तिथून पत्रिका मोजतो. दोघींच्या बाबतीत जोडीदाराचं लग्न मकर. मकर लग्नाला शुक्र पाचव्या आणि दहाव्या घराचा मालक, म्हणजे सगळ्यात उपकारक ग्रह. तो कुठे आहे त्यावर वर्णनाची दिशा बदलते.

रेवाच्या पत्रिकेत शुक्र वृषभेत, स्वगृही, जोडीदाराच्या लग्नापासून पाचव्यात. रवी सोबत असला तरी बारा-तेरा अंश दूर, म्हणून अस्तंगत नाही. गुरूची पाचवी दृष्टी त्याच्यावर आहे आणि शनीची तिसरीही. हा माणूस बुद्धीच्या, कलाकौशल्याच्या किंवा शिकवण्याच्या कामातून पुढे येणारा दिसतो. त्याला सौंदर्याची जाण आहे आणि ती तो शिस्तीने वापरतो. आराखडे काढणारा, संगीत शिकवणारा, संपादन करणारा, अशा जातीचं काम. 'कोरडा' हा शब्द मला इथे पटत नाही तो या शुक्रामुळे. चंद्र जोडीदाराच्या दहाव्यात येतो, आणि मकरेला चंद्र सप्तमेश, म्हणजे रेवा स्वतः. त्याच्या कामात रेवाचा प्रत्यक्ष वाटा असेल किंवा लोकांसमोर दोघांची ओळख एकत्र होईल.

उत्तराच्या पत्रिकेत तोच शुक्र धनूमध्ये मंगळासोबत, जोडीदाराच्या लग्नापासून बाराव्यात. बारावं घर दूरदेशाचं आणि खर्चाचं. परदेशातले महिने तिथून दिसतात. आणि उत्तराच्या स्वतःच्या लग्नापासून मोजलं तर तेच सहावं घर आहे, नोकरीचं आणि वादाचं. कामावर ओळख, तीही फाइलवरच्या वादातून. हे मी आता घटना कळल्यावर सांगतो आहे, त्यामुळे याला पुरावा म्हणू नका. पण दोन पत्रिकांत फरक कुठून येतो ते यातून दिसेल.

अबोलपणाचं म्हणाल तर रेवाच्या शनीजवळ केतू आहे, तुमच्या शनीजवळ नाही. तुमच्याकडे धनूतल्या मंगळाची चौथी दृष्टी शनीवर आहे. तो बोलतं करतो.

निरंजन_प

घटना आधी माहीत होती हे तुम्ही स्वतःच सांगितलंत, त्याबद्दल आभार. माझी शंका तिथेच आहे. बाराव्या घरातून परदेश निघाला, पण नवरा परदेशी जात नसता तर त्याच घरातून खर्चिकपणा किंवा झोपेची तक्रार निघाली असती. जो अर्थ जुळतो तो नंतर निवडला जातो. रेवाच्या बाबतीत मात्र घटना अजून घडलेली नाही. तुम्ही वर लिहिलेलं वर्णन तसंच ठेवा. पुढे तपासता येईल.

दत्ताकाका

ठेवतो. बदलणार नाही.

अनुराधा_म

काका, तुमची मांडणी आवडली, पण एका जागी मी वेगळं वाचते. कर्क लग्नाला शनी नुसता सप्तमेश नाही, अष्टमेशही आहे. आणि त्याची मूलत्रिकोण रास कुंभ, ती आठव्या घरात पडते. तसंच गुरू भाग्येश आहे, पण त्याची मूलत्रिकोण रास धनू सहाव्यात. म्हणजे दोघांचीही बळकट बाजू सहाव्या-आठव्याकडे झुकते. हे परिवर्तन सातव्या-नवव्याचं आहे हे खरं, पण दोन्ही ग्रह आपापल्या दुसऱ्या घराचं ओझंही सोबत आणतात. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत.

वर्णनात मी ते असं घेईन: जोडीदाराच्या घरी आजारपण, कर्ज किंवा वारसाहक्काचा काही गुंता असेल. त्याची प्रकृती मध्यम. तो गंभीर आहे तो तत्त्वामुळे कमी आणि परिस्थितीमुळे जास्त. उत्तरांच्या पतीबाबत असं काही आहे का, ते त्यांना सांगावंसं वाटलं तरच सांगावं.

उत्तरा

सासऱ्यांच्या जागेचा वाद बरीच वर्षं चालू आहे. याहून जास्त लिहिणं बरं नाही. प्रकृती मात्र ठणठणीत आहे.

दत्ताकाका

अनुराधा, मुद्दा बरोबर आहे आणि मी तो कमी धरला, कारण माझी रीत वेगळी आहे. परिवर्तन झालं की ज्या दोन घरांत ग्रह प्रत्यक्ष बसले आहेत ती घरं मी प्रमुख मानतो. दुसऱ्या मालकीचं फळ त्या ग्रहाच्या दशेत दिसतं, स्वभावाच्या वर्णनात कमी दिसतं. तुम्ही मूलत्रिकोणाला आधी धरता. माझ्या गुरुजींकडे दोन्ही रीतींचे विद्यार्थी होते आणि त्यांचं यावर कधी एकमत झालं नाही.

अनुराधा_म

म्हणजे आपलंही होणार नाही. पण मग रेवाला एवढं तरी सांगू, की सासरच्या परिस्थितीची चौकशी नीट करावी. वर्णन चुकलं तरी चौकशी वाया जात नाही.

रेवा_९७

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन ज्योतिषी वेगळं का बोलले ते आता कळलं. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक, वयाचं काय? उत्तराताईंचं ऐकून शनीवरून वय ठरवता येतं यावरचा विश्वासच उडाला. दुसरं, नवमांश कुणीच काढला नाही. माझ्या ॲपमध्ये दिसतो आहे, टाकू का?

पंचांगवाला

नवमांश टाकण्याआधी जन्मवेळ कुठून आली ते सांगा. 'साडेदहा' ही वेळ मला नेहमी संशयास्पद वाटते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रिकांत साडेदहा, पावणेअकरा, अकरा असल्या वेळा भरपूर असतात. दहा सदतीस अशी वेळ क्वचितच कुणी सांगतं. कुणीतरी घड्याळाकडे अंदाजे बघून गोल केलेली वेळ असते ती.

नवमांशाचं लग्न सरासरी तेरा-चौदा मिनिटांत बदलतं. वेळ दहा मिनिटांनी इकडे-तिकडे झाली तरी नवमांश लग्न शेजारच्या राशीत जाऊ शकतं, आणि मग नवमांशातलं सातवं घर, त्याचा मालक, सगळंच बदलतं. ॲप एक चित्र काढून देतं, ते चित्र किती डळमळीत आहे ते सांगत नाही. स्वतः तपासायचं असेल तर वेळ दहा मिनिटं आधीची टाकून बघा, मग दहा मिनिटं नंतरची. वीस मिनिटांत नवमांश लग्न बदलणारच. म्हणून वेळ मिनिटापर्यंत पक्की नसेल तर नवमांशाच्या सातव्या घरावरून काहीही वाचू नका.

ग्रह मात्र नवमांशात इतक्या पटकन हलत नाहीत, चंद्र सोडून. शनी बावीस अंशांवर असेल तर मीनेच्या सातव्या नवमांशात आहे, म्हणजे मकर. सप्तमेश नवमांशात स्वराशीत, आणि ती रासही तुमच्या सप्तमाचीच. हे वेळेच्या चुकीने बदलणार नाही. गुरू सत्तावीस अंशांच्या पुढे, म्हणून नवमांशात कन्येत. त्याला तिथे फारसं बळ नाही.

दत्ताकाका

पंचांगवाल्यांनी माझं काम हलकं केलं. सप्तमेश नवमांशात मकरेतच जातो याचा अर्थ या जोडीत शेवटी शनीचं पारडं जड राहतं. गुरूचं तेज ओळखीच्या सुरुवातीला दिसेल, सहवासात मात्र शनीची सातत्याची बाजू उरेल. माझ्या आधीच्या वर्णनात मी दोघांना सारखं धरलं होतं, त्यात ही भर घालतो. निरंजन, नोंद घ्या.

वयाबद्दल: सप्तमावर शनीचा प्रभाव असला की वयाने मोठा जोडीदार, असं परंपरेत म्हणतात. माझा अनुभव असा की वय, उंची, रंग या गोष्टी सातव्या घरावरून सगळ्यात कमी जुळतात, आणि स्वभाव, कामाची जात, ओळखीचा मार्ग या त्यातल्या त्यात बऱ्या जुळतात. शनी प्रौढपणा दाखवतो. तो कधी वयाचा असतो, कधी वृत्तीचा. उत्तराच्या पतीचं दोन दिवस थांबून शांतपणे मुद्दे मांडणं हे प्रौढपणच आहे, वय वर्षाने कमी असलं तरी. पण हा अर्थ आधीच निवडता येत नाही, म्हणून वयाबद्दल रेवाला मी काहीच सांगणार नाही.

सुहासिनी

काका, असं केलं तर शनीचा नियम कधी खोटा पडणारच नाही. वय जुळलं तर वय, नाही जुळलं तर वृत्ती. निरंजन हेच म्हणत होते, आणि यात मी त्यांच्या बाजूने आहे. मी तरी वय सांगते आणि चुकलं तर चुकलं म्हणते. माझ्या मते रेवाच्या बाबतीत अंतर चार वर्षांपेक्षा जास्त असेल. शनीवर सिंहेच्या मंगळाची आठवी दृष्टी आहे, अंशांतही जवळची, आणि केतूही त्याच राशीत. तो शनी उत्तराच्या शनीपेक्षा जड आहे.

निरंजन_प

हे मला आवडलं. तपासता येईल असं विधान आहे. लिहून ठेवतो.

रेवा_९७

आईशी फोनवर बोलले. ती म्हणते, दवाखान्याच्या कागदावर दहा चाळीस आहे आणि साडेदहा हे आजीने पत्रिका करताना सांगितलं होतं. पंचांगवाल्यांनी सांगितलं तसं करून बघितलं. दहा वीस, साडेदहा आणि दहा चाळीस या तिन्ही वेळा टाकल्या. नवमांश लग्न बदलतं. म्हणून ते आता टाकत नाही. दवाखान्याचा कागद हाती आला की बघू.

गौतमी

एवढा वेळ नुसती वाचत होते. माझं सिंह लग्न, जन्म १९९७ चाच. सप्तमेश मलाही शनीच, तोही मीनेत, आणि गुरू मकरेत. म्हणजे परिवर्तन मलाही आहे. मग इथे लिहिलेलं सगळं मला लागू होतं का?

अनुराधा_म

नाही, गौतमी. ग्रह तेच आहेत पण घरं बदलली. सिंहेला मकर सहावं घर आणि मीन आठवं. तुझं परिवर्तन सहाव्या-आठव्याचं आहे, सातव्याचा त्यात थेट संबंध नाही. तुझं सातवं घर कुंभ, आणि शनीची मूलत्रिकोण रास तिथेच पडते. म्हणून सप्तमेश म्हणून शनीला मी तुझ्या पत्रिकेत रेवापेक्षा जास्त वजन देईन. पण तो आठव्यात आहे, स्वतःच्या घरापासून दुसऱ्यात. जोडीदाराचं लग्न कुंभ धरलंस तर त्याचा लग्नेश त्याच्याच धनस्थानात येतो. म्हणजे कुटुंबाची जबाबदारी, साठवण, बोलण्यातला तोल, या बाजूने वर्णन सुरू होईल. शुक्र आणि चंद्र कुठे आहेत ते लिही, आणि जन्मवेळ गोल केलेली आहे का तेही.

गौतमी

वेळ सात पस्तीस, जन्मदाखल्यावरची. बाकीचे ग्रह घरी जाऊन टाकते.